नाकातली चमकी आणि डोक्यावरचा रुमाल: "धर्मात सक्तीचं आहे का?" हे न्यायालयाने विचारावं का?

ओसरीवरून (धागाकर्ती)

सरकारी शाळा, पोलीस, सैन्य, इस्पितळं अशा ठिकाणच्या धार्मिक पेहरावावर चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला "तुमचे लोक, आमचे लोक" सुरू होतं. मला त्याच्या अलीकडची एक गोष्ट विचारायची आहे. सवलत मागणारी व्यक्ती समोर उभी राहिल्यावर पहिला प्रश्न तिला विचारायचा, की संस्थेला?

दोन खटले एकमेकांशेजारी ठेवून बघा.

पहिला दक्षिण आफ्रिकेतला, डर्बनच्या मुलींच्या एका शाळेचा. २००४ च्या सप्टेंबरच्या सुट्टीत दक्षिण भारतीय वंशाच्या एका मुलीने नाक टोचून चमकी घातली. शाळेच्या नियमात कानातल्या साध्या कुड्यांना परवानगी होती, नाकातल्या दागिन्याला नव्हती. शाळेने आधी भोक भरेपर्यंत मुदत दिली, मग काढ म्हणून सांगितलं. आईने लिहून दिलं की ही फॅशन नाही. मुलगी वयात आली की नाक टोचायचं ही घराण्याची रीत आहे आणि ती सोळा वर्षांची झाली की आजी सोन्याच्या जागी हिऱ्याची चमकी घालणार आहे. प्रकरण २००७ मध्ये संविधान न्यायालयात गेलं. चमकी धर्माने सक्तीची केलेली नाही, हे तिथे सगळ्यांनाच मान्य होतं. तरी मुलगी जिंकली. न्यायालयाने म्हटलं, सक्तीची नसलेली, आपखुशीने पाळलेली रीतही माणसाला तितकीच जवळची असू शकते. मग त्यांनी शाळेकडे वळून विचारलं, की दोन वर्षांहून जास्त काळ ही मुलगी चमकी घालून येतेय, काय बिघडलं ते दाखवा. शाळेला काही दाखवता आलं नाही.

दुसरा आपल्याकडचा. उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयातल्या मुली, ५ फेब्रुवारी २०२२ चा कर्नाटक सरकारचा गणवेशाबाबतचा आदेश आणि १५ मार्च २०२२ चा उच्च न्यायालयाचा निकाल. तिथे पहिला प्रश्न होता, हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे का? उत्तर आलं, नाही. मुली हरल्या.

माझं मत पहिल्या पद्धतीकडे झुकतं. पण मनात एक शंका आहे, ती शेवटी लिहीन. आधी तुम्ही बोला.

टवाळ

जागा पकडली. धागा शंभरी गाठणार. संपादकांनी पाण्याची बाटली घेऊन बसावं.

निवृत्त मास्तर

ओसरीताई, मी एकतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून. "काय बिघडलं ते दाखवा" हे वाचायला छान आहे. शाळेत जे बिघडतं ते असं बोट ठेवून दाखवता येत नाही हो.

आमच्याकडे एका मुलीने रुमाल बांधायची परवानगी मागितली. मी म्हटलं, गणवेशाच्याच निळ्या रंगाचा बांध. सहा वर्षं कुणी ब्र काढला नाही. सातव्या वर्षी दुसऱ्या एका मुलाचे वडील आले, त्यांच्या मुलाला कपाळावर मोठा टिळा लावून यायचं होतं. द्या म्हटलं. मग तिसरे आले, त्यांना खांद्यावर उपरणं हवं होतं. मी विचारलं, घरी घालतो का? वडील म्हणाले, "घरी नाही, पण त्यांना चालतं तर आम्हाला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. त्या वर्षीचे पालकसभेचे दोन तास मी कापडाची लांबी-रुंदी ठरवण्यात घालवले. शाळेत टेप आणून मोजली होती, खोटं सांगत नाही.

गणवेशाचा खरा फायदा हा की हेडमास्तरला "का" सांगावं लागत नाही. प्रत्येक अपवादासोबत एक "का" येतो.

बिनधास्त बंड्या

मास्तरांशी सहमत. फ्रान्सने हा गुंता एका फटक्यात सोडवला. तिथे शाळा, कॉलेज, विद्यापीठ, सरकारी कचेरी सगळीकडे धार्मिक चिन्हांवर सरसकट बंदी. सगळ्यांना सारखी. खटले नाहीत, कटकट नाही.

कायदेकानू

बंड्या, अर्धं बरोबर आहे. १५ मार्च २००४ चा कायदा फक्त सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांपुरता आहे, विद्यापीठांना तो लागूच नाही. शाळेतही बंदी ठळकपणे धर्म दाखवणाऱ्या चिन्हांवर आहे. गळ्यातला छोटा क्रॉस किंवा तसलं लहानसं काही चालतं. सरकारी नोकरांवरचं बंधन मात्र त्याहून जुनं आणि कडक आहे.

आणि "कटकट नाही" म्हणालास तिथे तर फारच चुकलास. ठळक म्हणजे किती, यावरच सगळी कटकट आहे. बंदी आल्यावर काही मुली हिजाबऐवजी बंडाना बांधून आल्या, शाळांनी त्यांना काढलं. शीख मुलं पगडीऐवजी आतला छोटा पटका, केस्की, बांधून आली, त्यांनाही काढलं. त्यातल्या दोघांचे अर्ज २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने दाखलही करून घेतले नाहीत. बिक्रमजीत सिंग हा तिसरा मुलगा मात्र संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेला. २०१२ मध्ये समितीने म्हटलं, या मुलाच्या केस्कीने इतर विद्यार्थ्यांना काय धोका झाला ते फ्रान्सने दाखवलेलं नाही. त्याला त्याच्या वागण्यासाठी नव्हे, तर एका गटात मोडतो म्हणून काढलं गेलं. तोच कायदा, तेच डोक्यावरचं कापड, आणि उत्तरं दोन.

टवाळ

म्हणजे मास्तरांची टेप पॅरिसलाही पाठवायला हवी.

मीना_र

आमच्या कंपनीतही ड्रेस कोडवरून असाच त्रास झाला होता. शुक्रवारी जीन्स चालेल म्हणाले आणि मी कुर्ता घालून गेले तर नवीन साहेबांनी हटकलं. कुर्त्यात काय वाईट आहे? बायकांच्याच कपड्यांवर सगळ्यांचा डोळा असतो.

ओसरीवरून

मीनाताई, साहेब चुकलेच. पण इथे सरकारी संस्था आणि धार्मिक पेहराव याबद्दल चाललंय. खासगी कंपनीचं गणित वेगळं असतं.

मीना_र

अच्छा, घाईत वाचलं. पण शेवटचं वाक्य मागे घेत नाही.

कायदेकानू

आता मूळ प्रश्न. "अत्यावश्यक धार्मिक प्रथा" ही कसोटी आली कुठून, हे बघितलं की गोंधळ कळतो. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे वाद होता, मठाच्या कारभारात सरकारने कुठवर हात घालायचा. न्यायालयाने म्हटलं, धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता ते मुख्यतः त्या धर्माच्याच शिकवणीवरून ठरेल. म्हणजे ते वाक्य सरकारला बाहेर ठेवण्यासाठी होतं. पुढच्या खटल्यांत हळूहळू उलटं झालं. शिकवण काय आहे हे न्यायाधीशच ग्रंथ उघडून ठरवू लागले, आणि ढाल होती तिची चाळणी झाली.

चाळणीतून काय होतं त्याचं उदाहरण २०१६ चं. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाला दाढी ठेवायची होती. नियम असा, की ज्याच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायलाच मनाई आहे त्याला सूट. न्यायालयाने विचारलं, तुमच्या धर्मात तशी मनाई आहे का? निर्विवादपणे "हो" म्हणता येईना. जवान हरला. इथे न्यायालयाला फार दोष देता येत नाही, कारण नियमानेच तो प्रश्न आधी विचारून ठेवला होता.

आणि कृपाणाचा प्रश्नच येत नाही. ते संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात नावानिशी आहे. दुसऱ्या कुठल्याच वस्तूला ते भाग्य लाभलेलं नाही.

एक गंमत सांगतो. ओसरीताईंनी दोन खटले शेजारी ठेवलेत, तसे ते कर्नाटकच्या न्यायालयातही ठेवले गेले होते. मुलींच्या बाजूने चमकीचा निकाल वाचला गेला. न्यायालयाने तो बाजूला सारला. कारण असं, की चमकी डोळ्यांना जेमतेम दिसते, तिने गणवेशाच्या एकसारखेपणाला बाध येत नाही.

शब्दवेडी

म्हणजे हक्काचं माप मिलिमीटरमध्ये! आफ्रिकेच्या न्यायालयाने तर आकाराला महत्त्व दिलंच नव्हतं.

निवृत्त मास्तर

शब्दवेडीबाई, आकाराला महत्त्व असतं. वर्गात मागच्या बाकावरून जे दिसतं त्यावरच मुलं एकमेकांना ओळखतात आणि गट करतात. कर्नाटकच्या न्यायालयाने गणवेशाच्या रंगाचा रुमालही नाकारला, कारण मग मुलींचे दोन वर्ग पडतात. मी माझ्या शाळेत निळा रुमाल दिला होता, तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. आज विचार करतो, तर वाटतं त्यांचं चुकलं नाही.

नीलकमल

मास्तर, गट रुमालामुळे पडतात की आधीच पडलेले दिसू लागतात?

सिस्टर वैजू

मी कायद्यातलं बोलत नाही, ओटीतलं बोलते. अठरा वर्षं सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियागृहात आहे. ओसरीताई विचारतात तो दुसरा प्रश्न, "काय बिघडतं", आम्ही रोज विचारतो आणि त्याला उत्तर असतं.

डोकं झाकायचंय? आमची ना नाहीच, उलट झाकलंच पाहिजे. नेहमीच्या टोपीऐवजी कान-मान झाकणारी हूड मिळते, दाढीवाले डॉक्टरही तीच घालतात. घरचा रुमाल मात्र नाही, तो बाहेरून आलेला असतो. पूर्ण बाह्या? नाही. हात बोटांपासून कोपरापर्यंत घासायचे, हात वर धरायचे म्हणजे पाणी कोपरावरून खाली गळतं. बाही असली तर ओली होते आणि तेच पाणी उलटं बोटांकडे येतं. बांगड्या, अंगठ्या, मनगटातले धागे सगळे उतरवायचे. एका शिकाऊ डॉक्टरने मनगटातला धागा काढायला नकार दिला, तेव्हा सरांनी त्याच्याशी धर्मावर एक शब्द काढला नाही. म्हणाले, "ठेव, पण मग आज तू टेबलापाशी नाहीस, लांबून बघ." दहा मिनिटांनी कात्री मागायला आला. मी तो धागा पाकिटात घालून त्याच्या नावाने ठेवला.

तर कुणाचा धर्म काय म्हणतो हे आम्ही कधीच विचारत नाही. कोपर उघडं आहे का एवढं बघतो.

ओसरीवरून

सिस्टर, मला जे चार परिच्छेदांत म्हणता आलं नाही ते तुम्ही शेवटच्या दोन ओळींत म्हटलंत.

बिनधास्त बंड्या

पण ओटीत जंतू आहेत. वर्गात कुठे जंतू आहेत? तिथे बिघडतं ते सलोख्याचं, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. मास्तर तेच तर म्हणताहेत.

(विद्यापीठांबद्दल चुकलो, मान्य.)

कायदेकानू

बंड्या, हा तुझा मुद्दा चांगला आहे आणि जर्मनीत यावरच बारा वर्षं गेली. तिथे प्रश्न शिक्षिकांचा होता. २००३ मध्ये घटना न्यायालयाने म्हटलं, शिक्षिकेला रुमाल बांधायला मनाई करायची तर राज्याने आधी स्पष्ट कायदा करावा. सोळापैकी निम्म्या राज्यांनी केला. मग २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, "सलोखा बिघडू शकतो" ही नुसती भीती सरसकट बंदीला पुरेशी नाही. अमुक शाळेत, अमुक परिस्थितीत बिघडण्याचा ठोस धोका दिसायला हवा.

त्यातली एक अर्जदार शाळेत समुपदेशनाचं काम करत होती. रुमाल नको म्हटल्यावर ती गुलाबी बॅरे टोपी आणि त्याच रंगाचा उंच गळ्याचा स्वेटर घालून येऊ लागली. बाजारात कुणालाही मिळणारी टोपी. तिलाही ताकीद मिळाली, कारण ती टोपी *का* घालतेय हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणा बाईने घातली असती तर ती नुसती टोपी राहिली असती.

टवाळ

टोपीचा नव्हे, हेतूचा झाडा घेतला तर.

परखड पमा

सगळे हक्क, कसोट्या, टोप्या बोलताय. घरातल्या दबावाबद्दल कुणी बोलेल का?

मी ज्या वस्तीत वाढले तिथे चौदा-पंधराव्या वर्षी "आता तू मोठी झालीस" असं म्हणून मुलींचं एकेक करून झाकणं सुरू व्हायचं. शाळा ही एकच जागा होती जिथे घरच्यांना "चालत नाही तिथे" असं सांगता यायचं. आम्हाला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून शाळेने आमच्या वतीने नाही म्हटलेलं हवं होतं. शाळेने "ज्याची त्याची मर्जी" म्हटलं की ती मर्जी मुलीची नसते, काकांची असते. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याआधी समिती नेमली होती, तिच्यापुढेही हीच बाजू मांडली गेली होती. ती उगाच नव्हती.

नीलकमल

पमाताई, तुमच्याबाबतीत ते खरं असेल, मी वाद घालत नाही. पण बंदी आल्यावर काकांपुढे दोन रस्ते असतात, रुमाल सोडवायचा किंवा शाळा. दुसरा रस्ता काकांना स्वस्त पडतो. मग मुलीकडे ना रुमालातून सुटका, ना शाळा. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तेव्हा मुलींच्या बाजूने लिहिणाऱ्या न्या. धुलिया यांचा भर यावरच होता. अत्यावश्यक प्रथेच्या वादात पडायची गरजच नाही, हा मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे आणि तिचं शिक्षण सुटता कामा नये. न्या. गुप्तांनी आदेश कायम ठेवला. प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं.

परखड पमा

म्हणजे ज्या घरातून काढतील त्यांच्या मुलींसाठी, ज्या घरातून काढणार नाहीत त्यांच्या मुलींनी झाकून घ्यायचं? कुठल्या मुली जास्त आहेत ते तुम्हाला माहीत आहे का? मला नाही.

नीलकमल

मलाही नाही. आणि ते शाळा-शाळांत वेगळं असेल असं वाटतं.

शब्दवेडी

पमाताईंचा मुद्दा कसोटीच्या दोन्ही पद्धतींना छेद देतो. "धर्मात आहे का" विचारलं तर काका पुस्तक आणतात. "काय बिघडलं" विचारलं तर वर्गात काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण मुलगी गप्प असते.

निवृत्त मास्तर

हे मात्र खरं. निळ्या रुमालाची मुलगी आठवली. ती रोज फाटकातून आत आली की पाण्याच्या टाकीपाशी थांबायची. मला वाटायचं नीट बांधते आहे. एकदा बघितलं तर सोडून, चार घड्या करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवत होती. सुटीच्या घंटेनंतर परत बांधायची. परवानगीचा अर्ज आईने सही करून आणला होता. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

सिस्टर वैजू

मास्तर, तुम्ही बघितल्यावर काय केलंत?

निवृत्त मास्तर

काही नाही. बघितलं नाही असं केलं. रुमाल सक्तीचा नव्हता आणि मनाईही नव्हती, म्हणून तिला दोन्ही करता आलं. हे लिहिताना लक्षात येतंय, की मी वर जे म्हटलं त्याच्या हे विरुद्ध जातंय. असू दे.

बिनधास्त बंड्या

मास्तरांनी स्वतःलाच खोडलं 🙂 पण उपरण्याचं काय? "घरी नाही, पण त्यांना चालतं तर..." याला उत्तर द्या कुणीतरी.

कायदेकानू

चमकीच्या खटल्यात शाळेचाही हाच युक्तिवाद होता. एकीला चमकी दिली तर उद्या कुणी काय काय घालून येईल. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं, की खरोखर श्रद्धेने किंवा परंपरेने येणारे आणखी आले तर घाबरायचं कारण नाही. खोट्या मागण्या आल्या तर त्या खोट्या म्हणून नाकारा, त्यासाठी खऱ्यांना नाकारू नका.

आता खरं-खोटं ओळखायचं म्हणजे उपरणंवाल्या वडिलांना मास्तरांनी विचारला तोच प्रश्न विचारायचा, "घरी घालतो का?" हा धर्मग्रंथाचा प्रश्न नाही, माणसाचा आहे. अत्यावश्यक प्रथेच्या चाळणीपेक्षा मला तो बरा वाटतो. पण शाळेच्या कारकुनाने कुणाचा प्रामाणिकपणा मोजायचा, हेही सोपं नाही, कबूल.

ओसरीवरून

सुरुवातीला म्हटलेली शंका आता लिहिते, कारण कायदेकानूंनी तिथेच आणून सोडलंय.

चमकीच्या निकालात न्या. ओ'रेगन यांचं थोडं वेगळं मत होतं. त्यांचं म्हणणं, आईने प्रवेश घेताना नियम मान्य केले होते, मग नाक टोचायच्या आधी शाळेशी बोलायला हवं होतं. सवलत हा दोघांमधला व्यवहार आहे, एकाने आधी करून मोकळं व्हायचं आणि दुसऱ्याने जुळवून घ्यायचं असं नाही. बहुमतानेही शेवटी शाळेला चमकीपुरतं सांगून सोडलं नाही. नियमावलीत सवलत मागायची रीतसर पद्धत घाला, असा आदेश दिला.

आणि आपल्याकडे असं झालेलं आहे. २०१५ च्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत कॉपीच्या भीतीने पूर्ण बाह्या आणि डोक्यावरचं कापड बंद केलं होतं. केरळ उच्च न्यायालयात दोन मुली गेल्या. न्यायालयाने ना ग्रंथ उघडला, ना नियम मोडला. मुलींनी अर्धा तास आधी यावं, महिला पर्यवेक्षकांनी तपासावं, बस. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नियमात हात घालायला नकार दिला, म्हणजे तेही एकमुखी नव्हतं. पण मला तो अर्धा तास आवडतो. गैरसोय कुणाची, तर मागणाऱ्याची. तपासणी कशाची, तर कॉपीची.

माझी शंका अशी, की परीक्षेला अर्धा तास सापडतो, ओटीत हूड सापडते. वर्गात असं काय सापडेल? तिथे नेमकी कशाची काळजी आहे हेच संस्थेला सांगता येत नसेल, तर त्यावर तोडगा तरी कशाचा काढणार?

परखड पमा

माझी काळजी मी सांगितली. तिला हूड नाही.

टवाळ

आज पहिल्यांदा या विषयावरचा धागा वाचून मला कुणालाच चिमटा काढावासा वाटला नाही. तब्येत बरी नसावी.

मीना_र

मास्तर, त्या मुलीने पुढे रुमाल ठेवला की सोडला?

निवृत्त मास्तर

दहावीच्या निकालाच्या दिवशी गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा बांधलेला होता. पण सोबत आई होती.